पिशवीचा निकाल माणसाला लावू नका

गेल्या उन्हाळ्यात एक परिचित गृहस्थ रात्री उशिरा दवाखान्यात आले. बरोबर पंचविशीचा मुलगा होता. मुलाने रक्तदान शिबिरात रक्त दिले होते आणि चार दिवसांनी त्याला रक्तपेढीतून निरोप आला होता, ‘तुमचे रक्त हिपॅटायटिस बी साठी रिअ‍ॅक्टिव्ह आहे, डॉक्टरांना भेटा.’ पंधरा दिवसांवर साखरपुडा आला होता. निरोप शिबिराच्या कार्यकर्त्यामार्फत आल्यामुळे तो मुलीकडच्यांच्या कानावरही गेला होता. वडील एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता सोयरीक मोडायची का, ते तुम्हीच सांगा."

मी म्हटले, "आप्पा, आधी तो आकडा बघू."

"कसला आकडा? रिपोर्टवर तर एकच शब्द आहे."

नेमके हेच आज वाचकांपुढे मांडायचे आहे. त्या एका शब्दामागे एक आकडा असतो. तो कसा येतो हे ठाऊक नसेल, तर निरोगी माणूस रोगी ठरतो आणि कधी कधी खरा रोगी निर्धास्त राहतो.

रक्तपेढीत ही तपासणी बहुधा ‘एलायझा’ पद्धतीने होते. हिपॅटायटिस बी च्या विषाणूवर एका प्रथिनाचे आवरण असते. संसर्ग असेल तर हे प्रथिन रक्तात सापडते. ते शोधायचे असते. त्यासाठी प्लॅस्टिकची एक चपटी थाळी वापरतात. तिच्यात आठ आडव्या ओळींत बारा-बारा अशा ९६ इवल्याशा वाट्या असतात. प्रत्येक वाटीच्या तळाला कारखान्यातच एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, चिकटवलेली असते. ती फक्त या प्रथिनालाच धरते. वाटीत रक्तदात्याच्या रक्तातील पातळ पाण्याचे, म्हणजे सीरमचे, दोन थेंब टाकून थाळी ३७ अंशांवर तासभर ठेवतात. प्रथिन असेल तर ते तळाला अडकते. मग दुसरी प्रतिपिंड घालतात. ती त्याच प्रथिनाला वरून धरते. खाली एक प्रतिपिंड, वर एक आणि मध्ये प्रथिन, म्हणून या पद्धतीला ‘सँडविच एलायझा’ म्हणतात. वरच्या प्रतिपिंडाला एक एन्झाइम जोडलेले असते. शेवटी एक रंगहीन द्रव घालतात. एन्झाइम त्याला निळा करते आणि आम्लाचा थेंब पडला की तो पिवळा होतो. जितके प्रथिन अडकलेले, तितका रंग गडद.

पण एन्झाइमला बुद्धी नसते. ते प्रथिनाला धरून बसलेले असो वा वाटीत नुसतेच तरंगत असो, समोर आलेल्या द्रवाला ते रंग देणारच. म्हणून रंगाचा द्रव घालण्यापूर्वी वाटीतले सगळे सुटे एन्झाइम काढून टाकावे लागते. ही सगळी तपासणी या धुण्यावर उभी आहे.

तांदूळ धुताना पहिले पाणी दुधासारखे निघते, तिसरे-चौथे निवळ होते, हे आपल्या घरातल्या कोणालाही ठाऊक आहे. इथेही तसेच आहे. प्रत्येक वाटीत सुमारे ०.३ मिलिलिटर, म्हणजे काठोकाठ, साबणी मिठाचे पाणी भरायचे, अर्धा मिनिट मुरू द्यायचे आणि ओढून घ्यायचे. असे पाच-सहा वेळा करायचे. शेवटी थाळी उपडी करून टिपकागदावर आपटायची, म्हणजे तळाशी थेंब राहत नाही. पाणी काठापर्यंत भरले नाही, तर वाटीच्या वरच्या कडेला लागलेले एन्झाइम तसेच राहते. मुरू दिले नाही, तरी तेच होते. आणि धुतल्यावर थाळी कोरडी पडू दिली, तरीही निकाल बिघडतो.

आता आकड्याकडे येऊ. पिवळ्या रंगातून एक ठराविक प्रकाशकिरण सोडून किती प्रकाश अडला ते यंत्र मोजते. त्या आकड्याला ‘ऑप्टिकल डेन्सिटी’, थोडक्यात ओ.डी., म्हणतात. ओ.डी. १ म्हणजे दहापैकी एक भाग प्रकाश पलीकडे पोचला, २ म्हणजे शंभरातला एक. पूर्ण निरोगी माणसाच्या वाटीतही ओ.डी. शून्य येत नाही, थोडासा रंग उरतोच. मग किती रंगाला ‘आहे’ म्हणायचे? त्यासाठी प्रत्येक थाळीत किटबरोबर आलेले, प्रथिन नक्की नसलेले तीन नमुने बसवतात. त्यांच्या ओ.डी. ची सरासरी काढून तीत किट बनवणाऱ्याने ठरवून दिलेला आकडा मिळवतात. ही झाली सीमारेषा, म्हणजे ‘कट-ऑफ’. मिळवायचा आकडा किटनुसार बदलतो. सीमारेषा दर थाळीला नव्याने काढायची असते. कालच्या थाळीची आज चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रक्तपेढीत गेलो. तेथील तंत्रज्ञ ओळखीचे निघाले. त्यांनी त्या दिवशीच्या थाळीचा पूर्ण कागद समोर ठेवला. तीन नमुन्यांचे आकडे ०.०४८, ०.०५२ आणि ०.०५० होते, सरासरी ०.०५०. त्या किटचा मिळवायचा आकडा ०.१००, म्हणजे सीमारेषा ०.१५०. मुलाचा आकडा होता ०.१८६. सीमारेषेने भागले तर १.२४, म्हणजे रेषा जेमतेम ओलांडलेली. त्याच थाळीत दुसऱ्या एका दात्याचा आकडा २.६ होता, सीमारेषेच्या सतरापट. निरोप मात्र दोघांनाही एकाच शब्दात गेला होता.

मग आम्ही कागद ओळीने वाचला. थाळीभर बहुतेक आकडे ०.०४ ते ०.०६ होते. सातव्या ओळीत मात्र ०.०९, ०.११, ०.०८ असे आकडे दिसत होते. सारे सीमारेषेच्या आत होते, म्हणून कोणाचे लक्ष गेले नव्हते. मुलाची वाटी याच ओळीतली. धुण्याच्या यंत्राला आठ नळ्या असतात आणि सातवी नळी नेहमी सातवीच ओळ धुते. तंत्रज्ञांनी नळी पाहिली, तर तिच्या तोंडाशी मिठाचा खडा जमलेला. त्या ओळीला पाणी अर्धवटच मिळत होते. निरोगी नमुने पहिल्या उभ्या रांगेत वरच्या वाट्यांमध्ये बसवलेले, त्यांना धुणाऱ्या नळ्या चांगल्या होत्या. म्हणून ते आकडे बिनचूक आले, थाळी ‘उत्तीर्ण’ झाली आणि दोष लपून राहिला.

नळी बारीक तारेने साफ केली. मुलाचा जपून ठेवलेला मूळ नमुना आणि नव्याने घेतलेले रक्त, दोन्ही दोन-दोन वाट्यांत लावले. सीमारेषा निघाली ०.१४८. मुलाचे आकडे आले ०.०५२, ०.०४७, ०.०४९ आणि ०.०५१. या विषाणूचा संसर्ग पूर्वी कधी झाला होता का, हे दाखवणारी दुसरी प्रतिपिंड तपासणीही केली. तीही निगेटिव्ह आली. मुलगा निरोगी होता. सोयरीक टिकली, पण मधल्या दिवसांत त्या घराने जे सोसले त्याची भरपाई कोण करणार?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सगळीच थाळी कमी धुतली गेली, तर निरोगी नमुन्यांचे आकडेही चढतात, त्यांच्याबरोबर सीमारेषा वर सरकते, आणि खरोखर थोडेच प्रथिन असलेला माणूस तिच्याखाली दडून जाऊ शकतो. म्हणूनच निरोगी नमुन्यांचा आकडा किटने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा वर गेला, तर सारी थाळी रद्द करून पुन्हा करायची असते. शिवाय सीमारेषेजवळचा प्रत्येक आकडा खोटा असतो असेही नाही. संसर्गाच्या अगदी सुरुवातीला प्रथिन थोडेच असते. कावीळ-बी ची लस नुकतीच टोचलेली असेल, तर लसीतलेच प्रथिन काही दिवस रक्तात सापडू शकते. म्हणून अशा वेळी ‘लस कधी घेतली?’ हे विचारावे. संशय राहिला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

काही जण विचारतील, एवढी चूक होते तर सीमारेषा थोडी वर का नेत नाहीत? याचे उत्तर सरळ आहे. ती रेषा रक्त घेणाऱ्या रुग्णासाठी मुद्दाम खाली ठेवलेली असते. दहा चांगल्या पिशव्या फुकट गेल्या तरी चालतील, पण एक दूषित पिशवी बाळंतिणीला चढता कामा नये. त्या मुलाची पिशवी नष्ट केली, ते योग्यच झाले. नंतर तो निर्दोष ठरला म्हणून ती वापरा, असे मी कधीही म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की पिशवी फेकायला जो पुरावा पुरतो, तो माणसावर रोगाचा शिक्का मारायला पुरत नाही. पिशवीबद्दल शंका पुरे. माणसाबद्दल खात्री हवी.

ही खात्री करून घेणे अवघड नाही. आधी तोच नमुना पुन्हा दोन वाट्यांत लावायचा. दोन्ही आकडे सीमारेषेखाली आले, तर दात्याला रोगी म्हणायचे नाही. एक जरी वर आला, तर खातरजमेची तपासणी करायची. तिच्यात नमुन्यात आधीच प्रतिपिंड मिसळून ते प्रथिन झाकतात. मग रंग निम्म्याहून अधिक उतरला, तर प्रथिन खरेच होते. रंग तसाच राहिला, तर तो दुसऱ्याच कशाने तरी आला होता. एवढे झाल्यावरच दात्याला बोलवावे आणि ते त्याला एकट्याला, बंद दाराआड सांगावे. शिबिराच्या कार्यकर्त्याचा यात काही संबंध नाही.

माझी आणखी एक मागणी आहे. रिपोर्टवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ या शब्दाशेजारी नमुन्याचा आकडा, त्या थाळीची सीमारेषा आणि तपासणी किती वेळा केली हे छापावे. हे तिन्ही आकडे प्रयोगशाळेकडे असतातच. छापायला शाईशिवाय खर्च नाही. आम्हा डॉक्टरांनीही ते मागून घ्यावेत. १.२४ पट आणि सतरापट यांना एकाच आवाजात सल्ला देणे हा आमचा आळस आहे.

तो सतरापटवाला दाता कोण, हे मी विचारले नाही. विचारायचा मला अधिकारही नव्हता. पण त्याचा आकडा नळीच्या दोषाने आलेला नव्हता, तो वेगळ्याच ओळीत होता. त्याने निरोप मिळताच डॉक्टर गाठला असेल, यकृताची तपासणी केली असेल, सहा महिन्यांनी रक्त पुन्हा दाखवले असेल आणि बायको-मुलांना लस दिली असेल, अशी आशा आहे. एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही, हेही त्याला कोणीतरी सांगितले असावे. वाचकहो, तुमच्या हाती कधी असा कागद आला, तर घाबरण्यापूर्वी आणि तो कपाटात दडवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, "आकडा किती, सीमारेषा किती आणि तपासणी पुन्हा केली का?"