दुखरा हात आधी!

आमच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. तेव्हापासून अंघोळीला नको म्हणायच्या. मला वाटलं, हट्टीपणा! खरं कारण होतं गाऊन. डोक्यावरून घालताना हात वर ओढला की खांदा ठणकायचा.

मग उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून एक माप मोठा, मऊ सुती गाऊन आणला. अंबरनाथच्या शिवणवाल्या ताईंनी तो समोरून खालपर्यंत उघडा करून वेलक्रो लावला. सलग पट्टी नाही हं, दोन-दोन इंचांचे तुकडे. सलग पट्टी ताठ होते आणि उघडायला जोर लागतो. शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या, कारण म्हातारपणी पातळ झालेली कातडी जाड शिवणीने सोलवटते.

घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. धुण्याआधी वेलक्रो मिटवायचा, नाहीतर त्यात धागे अडकून पकड जाते. बदलापूरच्या थंडीत वरून समोर उघडणारा स्वेटर घालतो.

"घरातच तर असतात, जुनं चालतं की!" असं शेजारीण म्हणाली. मला नाही पटत. सासूबाई आता उजव्या हाताने आपला गाऊन आपणच मिटवतात, आणि अंघोळीला नाही म्हणत नाहीत.