घरखर्चाची वही : सेंद्रिय म्हणजे किती जादा, आणि कशाबद्दल?

‘सेंद्रिय तूरडाळ घ्यावी का? दुकानदार किलोमागं नव्वद रुपये जास्त मागतो. पाकिटावर हिरवा शिक्का आहे, पण त्या शिक्क्याचा अर्थ काय, ते तो सांगू शकत नाही.’ असं एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. अशाच अर्थाची पत्रं अलीकडे बरीच येतात, म्हणून या खेपेला तूरडाळ आणि तिच्या जोडीला कोथिंबीर-मिरची, एवढ्याचाच हिशेब मांडते. बाकी धान्यांना तो आपला आपण लावता येईल.

आधी त्या नव्वद रुपयांचं पाहू. आमच्या गावातल्या दुकानात या महिन्यात सुटी, चकचकीत पॉलिशची तूरडाळ १४० रुपये किलो होती. शिक्क्याची सेंद्रिय २३० रुपये. फरक नव्वदचा खरा, पण ही तुलनाच मुळात बरोबर नाही. सेंद्रिय डाळ बिनपॉलिशची आहे, निवडलेली आहे आणि पाकिटात बंद आहे. हे तिन्ही गुण सेंद्रिय नसलेल्या डाळीतही मिळतात. त्याच दुकानात साधी बिनपॉलिशची पाकीटबंद डाळ १६५ रुपयांना होती. म्हणजे निव्वळ ‘सेंद्रिय’ या शब्दाची किंमत किलोमागं ६५ रुपये. पुष्कळजणी म्हणतात, सेंद्रिय डाळीच्या वरणाला चव वेगळी लागते. लागत असेल, पण त्यातलं श्रेय बिनपॉलिशचं किती आणि सेंद्रियचं किती, हे पंचवीस रुपयेच जास्त देऊन आधी पाहता येतं. चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो डाळ धरली, तर हा फरक महिन्याला १९५ रुपये आणि वर्षाला २३४० रुपये होतो.

आता हे ६५ रुपये कशाबद्दल? ते समजायला शिक्का वाचावा लागेल. आपल्याकडे सरकारमान्य पद्धती दोन. पहिली वाणिज्य मंत्रालयाच्या अपेडा या संस्थेमार्फत चालते. तिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम म्हणतात आणि तिचं चिन्ह ‘इंडिया ऑरगॅनिक’. यात शेतकऱ्याशी संबंध नसलेली, मान्यता मिळालेली तिसरी संस्था येऊन तपासणी करते. दुसरी कृषी मंत्रालयाची, ‘पीजीएस-इंडिया’. तिच्यात एकाच किंवा शेजारच्या गावातले किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांच्या शेतावर जाऊन पाहणी करतात आणि त्यांच्या नोंदींवरून प्रादेशिक परिषद दाखला देते. ही स्वस्त पडते, म्हणून लहान शेतकऱ्याला परवडते. २०१७ सालच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार पाकिटावर ‘जैविक भारत’ हे हिरवं चिन्ह येतं, ते या दोहोंपैकी एका पद्धतीचा दाखला असला तरच. पीजीएसच्या पाकिटावर ‘ग्रीन’ असं लिहिलेलं असेल, तर ती जमीन अजून बदलाच्या काळात आहे, पूर्ण सेंद्रिय झालेली नाही असं समजावं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो पाहून ‘सरकारी नंबर आहे हो’ म्हणून बायका निश्चिंत होतात. तो क्रमांक फरसाणाच्या पुडीवरसुद्धा असतो. त्याचा सेंद्रियाशी काडीचा संबंध नाही. ‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘विषमुक्त’, ‘शेतातून थेट घरात’ हे शब्दही तसेच. कानाला गोड लागतात, पण त्यांच्यामागं कुणी शेत पाहिलंय असं नाही.

बरं, खरा शिक्का असला तर काय सिद्ध होतं? डाळ कशी पिकवली याची नोंद कुणीतरी तपासली, एवढं. हंगामी पिकाच्या जमिनीत पेरणीच्या आधी दोन वर्षं रासायनिक खत आणि कृत्रिम औषध वापरलेलं नाही, फळबागेत पहिल्या तोडणीच्या आधी तीन वर्षं नाही. बियाणं कुठलं, फवारणी कशाची, माल किती निघाला आणि किती विकला, हे वहीत आहे. फवारणीच नाही असा मात्र अर्थ नाही. निंबोळी अर्क चालतो, गंधक चालतं, मोरचूद आणि चुन्याचं मिश्रणही मर्यादेत चालतं. म्हणजे शिक्का हा पद्धतीचा दाखला आहे. तुमच्या हातातल्या त्या पाकिटाची प्रयोगशाळेत तपासणी झालीच आहे, असं तो म्हणत नाही. कायदाही अंश शून्य धरत नाही. शेजारच्या शेतातून वाऱ्यानं औषध येतं, कालव्याच्या पाण्यातून येतं. म्हणून साध्या धान्याला औषधाचा जेवढा अंश चालतो, त्याच्या साधारण पाच टक्क्यांपर्यंत सेंद्रियालाही मुभा ठेवलेली आहे. डाळ जास्त पौष्टिक आहे, असं तर कुठलाच शिक्का म्हणत नाही. ते जाहिरात म्हणते.

तपासणी कुठं कच्ची राहते तेही सांगते. शेकडो शेतकऱ्यांचा गट असला की बाहेरचा निरीक्षक प्रत्येक बांधावर जात नाही, नमुन्यादाखल काही शेतं पाहतो. बाकीची जबाबदारी गटाच्या स्वतःच्या तपासनिसांवर. तिथं ढिलाई झाली की कागद एक आणि शेत दुसरं, असं होऊ शकतं. अमेरिकेच्या शेती खात्यानं जानेवारी २०२१ मध्ये भारताशी असलेला करार संपवल्याचं जाहीर केलं. अपेडानं मान्यता दिलेल्या संस्थेचा दाखला त्यांच्या बाजारात चालत असे, तो जुलै २०२२ नंतर चालेनासा झाला आणि निर्यातदारांना थेट अमेरिकेची मान्यता असलेल्या संस्थेकडून नव्यानं दाखला घ्यावा लागला. यावरून सगळे शिक्के खोटे असा अर्थ काढणं चूक आहे. पण शिक्क्याचं वजन त्यामागच्या तपासणीएवढंच असतं, हे कळतं.

आता तुरीकडे परत येऊ, कारण मला खरी गंमत इथं वाटते. तुरीवर फवारणी होते ती बहुतेक शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी, फुलं आणि शेंगा असताना. औषध पडतं शेंगेवर. दाणा शेंगेच्या आत, दाण्यावर साल, आणि डाळ करताना ती सालही निघून जाते. मग आपण धुतो, भिजवतो, शिजवतो. म्हणजे आपल्या ताटापर्यंत अंश पोचण्याची वाट मुळातच लांब आहे. गोदामात कीड लागू नये म्हणून साध्या धान्याला औषधाची धुरी देतात, सेंद्रियाला ती चालत नाही, हा फरक आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की सेंद्रिय धान्यकडधान्याला सोंडे आणि भुंगे लवकर लागतात. महिन्याच्या वर साठा करू नये आणि दुकानात पाकीट उजेडात धरून तळाशी पीठ पडलंय का ते पाहावं. वर्षाची बेगमी सेंद्रियाची करणाऱ्या बाईचं मला कौतुक वाटतं, पण तिच्या डब्यांची धास्तीही वाटते.

याउलट कोथिंबीर, मेथी, हिरवी मिरची घ्या. फवारा थेट आपण खातो त्या पानावर किंवा सालीवर. साल काढायची सोय नाही, कोथिंबीर तर शिजवतही नाही. तोडणीही फवारणीनंतर थोड्याच दिवसांत होते, कारण भाजी थांबत नाही. ‘मी मिठाच्या पाण्यात धुते’ असं म्हणून भागत नाही. वरवरचं औषध वाहत्या पाण्यात बरंचसं जातं, पण झाडात भिनणारी, म्हणजे आंतरप्रवाही औषधं धुऊन निघत नाहीत. आमच्याकडे आठवड्याला कोथिंबिरीच्या दोन जुड्या, मेथीच्या दोन आणि पाव किलो मिरची लागते. सेंद्रिय म्हणून विकणाऱ्याकडे कोथिंबीर जुडीमागं दहा रुपये, मेथी पंधरा रुपये आणि पाव किलो मिरची पंधरा रुपये जादा पडते. आठवड्याला ६५, चार आठवड्यांना २६० रुपये. डाळीपेक्षा थोडेच जास्त, पण औषधाचा अंश टाळण्याच्या दृष्टीनं हे पैसे कितीतरी अधिक काम करतील.

करतील, पण भाजी खरोखर तशी असेल तर! आणि पंचाईत इथंच आहे. डाळीच्या पाकिटावर शिक्का असतो, जुडीवर तो कुठं बांधणार? शिवाय वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक दाखला नसतानाही थेट गिऱ्हाइकाला सेंद्रिय म्हणून विकू शकतो, फक्त ‘जैविक भारत’चं चिन्ह वापरू शकत नाही. तेव्हा चिन्ह नाही म्हणून तो लबाड ठरत नाही, आणि खरा आहे हेही ठरत नाही.

आमच्या शनिवारच्या बाजारात एकाच्या गाड्यावर प्लॅस्टिकमध्ये जडवलेला दाखला टांगलेला असतो. बायका तो लांबून पाहतात आणि रांगेत उभ्या राहतात. मी जवळ जाऊन वाचला. दाखला पीजीएसचा होता. पण त्यावर पिकं होती तूर, ज्वारी आणि हुलगा, आणि वर्षाची मुदत केव्हाच संपलेली. गाड्यावर होते टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी मिरची. विचारल्यावर म्हणाला, “ताई, सगळं आपल्याच रानातलं.” असेल बापडा! पण त्या कागदानं त्या टोमॅटोबद्दल काहीच सिद्ध केलं नव्हतं. दाखल्यावर नाव, मुदत, पीक आणि क्षेत्र, या चार गोष्टी असतात. तुमच्या हातातलं पीक त्यात आहे का, एवढं वाचायला अर्धा मिनिट पुरतो. एकरभर मेथी-पालकाचा दाखला दाखवून कुणी बारमाही दहा भाज्या टोपल्या भरभरून विकत असेल, तर तो दुसऱ्याचा माल मिसळतो आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पीजीएसचा माल गटाच्या हातून सुटा बाहेर पडला की पुढं त्याचा माग राहत नाही. म्हणून तो शेतकऱ्याकडून थेट घ्यावा किंवा गटानंच बंद केलेल्या पिशवीत घ्यावा. मधल्या दुकानदाराच्या सुट्या टोपलीवर ‘पीजीएस’ लिहिलेलं असलं तरी ते मी मोजत नाही.

त्याच बाजारात एक जोडपं फक्त पालेभाज्या आणि मिरची आणतं, दाखला नाही. आमच्या गल्लीतल्या तिघी एका रविवारी त्यांच्या रानात जाऊन आलो. बांधावर निंबोळीची पोती होती, शेजारच्या उसाच्या बाजूनं गवताचा पट्टा सोडलेला होता, आणि खुरपणी करणाऱ्या बाया होत्या. तणनाशक नाही म्हणजे मजुरी आली, जुडीमागच्या दहा रुपयांतले बरेचसे तिथं जातात. श्रावणात त्यांच्याकडे आठवडाभर मेथी नव्हती. पावसानं सडली, म्हणाले. दुसरीकडून आणून विकली नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

सध्या आमच्या घरी तूरडाळ बिनपॉलिशची, १६५ रुपयांची येते. कोथिंबीर, मेथी आणि मिरची त्या जोडप्याकडून येते. कांदे, बटाटे, दुधी नेहमीच्या मंडईतून, कारण त्यांची साल आपण काढूनच टाकतो.