मरेक्सचा प्रश्न शेडमध्ये नव्हे, उबवणी केंद्रात

बंगळुरू : दहा-बारा आठवड्यांची, वरवर निरोगी दिसणारी तलंग एका सकाळी लंगडू लागते. दोन-तीन दिवसांत ती एक पाय पुढे आणि एक मागे ताणून गादीवर आडवी पडते. डोळे उघडे असतात, भूकही असते, पण खाद्यभांड्यापर्यंत जाता येत नसल्याने ती वाळत जाते. बंगळुरूच्या आसपास परसातील पक्षी किंवा लहान अंडी-फार्म सांभाळणाऱ्यांनी हे दृश्य पाहिले, तर जीवनसत्त्वाची कमतरता समजून पाण्यातून औषध देण्याकडे त्यांचा कल असतो. मरेक्स रोग असल्यास त्या औषधाचा उपयोग होत नाही, कारण या रोगावर उपचारच नाही. विषाणूचा शिरकाव कित्येक आठवड्यांपूर्वी, बहुधा पिल्लू शेडमध्ये आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच झालेला असतो.

हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मरेक यांनी 1907 मध्ये लुळ्या पडलेल्या चार कोंबड्यांच्या मज्जातंतूंचे वर्णन केले. रोगाला नाव त्यांचेच मिळाले. त्यामागे हर्पिस कुळातील विषाणू आहे, हे मात्र 1967 मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झाले. हा विषाणू अंड्यातून पिल्लात जात नाही. बाधित पक्ष्याच्या पिसांच्या मुळांशी तो पक्व होतो, त्वचेच्या कोंड्याबरोबर गळतो आणि शेडमधील धुळीत कित्येक महिने टिकतो. पिल्लू ती धूळ श्वासावाटे घेते. विषाणू आधी प्रतिकारपेशींत वाढतो, साधारण आठवड्याभरात त्यांतील टी-पेशींत दडून बसतो आणि पुढे त्यांनाच कर्करोगी बनवतो. या पेशी मज्जातंतूंत, यकृतात, प्लीहेत व अंडाशयात साचतात. माणसाला हा रोग होत नाही.

निदानाची पहिली पायरी साधी आहे. मृत पक्ष्याच्या मांडीच्या आतील बाजूचा स्नायू दूर केला, की सायटिक हा जाड मज्जातंतू दिसतो. निरोगी तंतू पांढरा, चकचकीत असतो आणि त्यावर बारीक आडव्या रेषा असतात. मरेक्समध्ये तो करडा किंवा पिवळसर पडतो, दोन-तीन पट फुगतो आणि रेषा नाहीशा होतात. अनेकदा एकाच बाजूचा तंतू सुजतो, म्हणून दोन्ही मांड्या उघडून तुलना करावी लागते. घाईच्या तपासणीत नेमके हेच राहून जाते.

बंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील एखाद्या पालकाने 300 पिल्ले आणली, असे उदाहरण घेऊ. नवव्या आठवड्यात दोन पक्षी लंगडतात, अकराव्यात आणखी पाच, आणि मरतूक दोन-तीन पक्ष्यांच्या हप्त्याने सुरू राहते. मानमोडी असती तर श्वासाचा त्रास आणि हिरवट हगवण दिसली असती व काही दिवसांतच कळपातील बरेच पक्षी आजारी पडले असते. रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या अभावातही मज्जातंतू सुजतात; पण तो आजार दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांत दिसतो, बोटे आत वळतात आणि वेळीच जीवनसत्त्व दिले तर फरक पडतो. लिम्फॉइड ल्युकोसिस या दुसऱ्या विषाणूजन्य रोगातही यकृतावर गाठी येतात, मात्र तो साधारण सोळा आठवड्यांनंतर दिसतो आणि त्यात मज्जातंतू सुजत नाहीत. वय, मरतुकीची संथ गती आणि फुगलेला तंतू ही तिन्ही लक्षणे एकत्र आली, की संशय मरेक्सवर स्थिरावतो.

खात्रीसाठी तंतू आणि गाठींचे तुकडे फॉर्मालिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शक तपासणी करावी लागते. बंगळुरूच्या हेब्बाळ भागात पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पशू आरोग्य व पशुवैद्यकीय जैविके संस्था या दोन्ही संस्था आहेत. पीसीआर चाचणी उपयोगी असली, तरी केवळ विषाणू सापडला म्हणजे मृत्यूचे कारण मिळाले, असे नाही. लस घेतलेले, धडधाकट पक्षीही हा विषाणू बाळगतात.

या रोगावरील लस कर्करोग रोखते, संसर्ग रोखत नाही. 1970च्या सुमारास वापरात आलेली लस टर्की पक्ष्यातील निरुपद्रवी हर्पिस विषाणूपासून बनते. एचव्हीटी या नावाने ती ओळखली जाते. नेदरलँड्समध्ये विकसित झालेली रिस्पेन्स ही लस अधिक उग्र विषाणूंविरुद्ध वापरतात. दोन्ही लसी उबवणी केंद्रातच, पहिल्या दिवशी, मानेच्या मागील त्वचेखाली टोचल्या जातात. संरक्षण उभे राहायला आठवडाभर तरी लागतो. शेतावर पोहोचल्यानंतर, धूळ श्वासात गेल्यावर दिलेल्या लसीने फारसे काही साधत नाही.

प्रभावी मानल्या जाणाऱ्या लसी जिवंत पेशींत असतात आणि उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवल्या जातात. कुपी सुमारे 27 अंशांच्या पाण्यात वितळवून लगेच द्रावणात मिसळतात. हजार मात्रांच्या कुपीसाठी 200 मिलिलिटर द्रावण, म्हणजे प्रत्येक पिल्लाला 0.2 मिलिलिटर. मिश्रण तासाभरात संपवावे लागते आणि वितळलेली कुपी पुन्हा गोठवता येत नाही. नायट्रोजनची पातळी खाली गेली, पाणी जास्त गरम झाले किंवा द्रावणात नको ते प्रतिजैविक मिसळले, तर पेशी मरतात. पिल्लाला सुई टोचली जाते, संरक्षण मिळत नाही. बाहेरून दोन्ही पिल्ले सारखीच दिसतात.

लहान खरेदीदाराचे गणित येथेच बिघडते. तीनशे पिल्लांसाठी हजार मात्रांची कुपी फोडली, तर सातशे मात्रा टाकून द्याव्या लागतात. दिवसाला हजारो पिल्ले काढणाऱ्या केंद्राला हा प्रश्न पडत नाही. थोड्या-थोड्या तुकड्या काढणाऱ्या केंद्राला मात्र लस टाळण्याचा किंवा मिश्रण लांबवण्याचा मोह होऊ शकतो. गोठवून सुकवलेली एचव्हीटी साध्या फ्रीजमध्ये राहते, म्हणून ती सोयीची. पण लसवंत आईकडून पिल्लात आलेल्या प्रतिपिंडांपुढे ती अधिक दुबळी पडते. ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांत विकले जात असल्याने त्यांच्यात लसीतील ही उणीव बऱ्याचदा उघडी पडत नाही. अंड्यांवरील तलंग अठरा-वीस आठवडे खाद्य खाऊन मगच उत्पन्न देते, आणि मरेक्स तिला नेमका त्याआधी गाठतो.

चांगली लसही विषाणूचा प्रसार थांबवत नाही, याचा एक दूरगामी परिणाम आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अतिउग्र विषाणू दिलेले लस नसलेले पक्षी दहा दिवसांत मेले, त्यामुळे त्यांना विषाणू फारसा पसरवता आला नाही. एचव्हीटी घेतलेले पक्षी मात्र जगले आणि आठवडेच्या आठवडे तोच विषाणू बाहेर टाकत राहिले. सोबत ठेवलेल्या, लस नसलेल्या पक्ष्यांना तो मारक ठरला. यावरून लस बंद करावी, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. मात्र लसवंत कळपाशेजारी लस न घेतलेली गावठी पिल्ले वाढवणे किती धोक्याचे आहे, हे त्यातून दिसले.

पिल्ले घेताना कोणती लस दिली, तिचा बॅच क्रमांक आणि टोचणीची तारीख बिलावर लिहून घेणे हे पालकाच्या हातात आहे. 'सर्व लसी दिल्या' एवढे तोंडी उत्तर पुरेसे मानता येत नाही. जुन्या पक्ष्यांच्या शेडपासून नवी पिल्ले पहिले काही आठवडे दूर ठेवणे, मधल्या काळात जुनी गादी आणि जाळ्यांवरची धूळ काढून टाकणे, ही कामे लसीला संरक्षण उभे करण्यासाठी अवधी देतात. आणि पक्षी लंगडू लागलेच, तर दोन-तीन ताजे मृत किंवा अखेरच्या अवस्थेतील पक्षी, बर्फात पण न गोठवता, त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्यावे लागतात. गोठवलेल्या ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखता येत नाहीत.