तानपुरा 'लाइव्ह'वर विकायला सांगू नका

कारागिरांच्या शिबिरांत हल्ली एकच सल्ला मिळतो: फोन उभा करा, लाइव्ह या, गिऱ्हाईक येईल. सल्ला देणाऱ्यांत आपल्याच समाजातली शिकलेली मुलं, माझ्याच सॉफ्टवेअर धंद्यातली, पुढे असतात. साड्या विकायच्या असतील तर ठीक. मिरजेच्या सितारमेकर गल्लीतल्या तानपुऱ्यासाठी तो चुकीचा आहे, आणि कारण फोनच्या आतच आहे.

तानपुऱ्याची किंमत जवारीत असते. घोडीचा माथा घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून कारागीर तो झंकार बसवतो. फोनवरून थेट बोलण्याची सोय मात्र माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली असते. मागे एकसारखा चालणारा आवाज, म्हणजे पंखा किंवा इंजिन, ती दाबते. तानपुराही एकसारखाच वाजतो, म्हणून बऱ्याचदा तोही पंख्यासारखा दाबला जातो. शिवाय आवाज मंदावला की तो आपोआप वाढवला जातो, त्यामुळे तारेचा विरत जाणारा नाद सपाट होतो. पक्की जवारी आणि कच्ची जवारी ऐकणाऱ्याला जवळपास सारखीच वाटते. मग भाव ठरतो नक्षीवर आणि घासाघिशीवर.

पारख सोपी आहे. लाइव्ह चालू ठेवून दुसऱ्या खोलीत दुसऱ्या फोनवर हेडफोन लावून ऐका. बोलणं थांबल्यावर तानपुरा हळूहळू बारीक होत गेला, तर काय विकलं जातंय ते कळेल.

दुसरा घोळ वेळेचा. लाइव्हचा तास भरायला दाखवायला पुष्कळ माल लागतो. तानपुरा तयार व्हायला काही आठवडे जातात, आणि तो गाणाऱ्याच्या पट्टीप्रमाणे बनतो. काळी एकचा वेगळा, काळी चारचा वेगळा. तेव्हा लाइव्ह चालवतो तो साठेबाज दलाल. गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्याकडे राहतात आणि उस्तादांचं नाव पडद्यावर येतच नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या दलालाच्या जाहिरातीला छान शोभतं!

छोटा व्हिडिओ मात्र कामाचा आहे, पण आवाज आधी नीट रेकॉर्ड करून. तोच तानपुरा जवारीपूर्वी आणि जवारीनंतर, अर्धा अर्धा मिनिट, मध्ये एक शब्दही न बोलता. शेवटी कारागिराचं नाव आणि त्याचाच नंबर. विचारणा आली की आधी पट्टी विचारायची, मग आगाऊ रक्कम घेऊनच भोपळा निवडायचा. पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला Zoom वर Original Sound for Musicians चालू करून ऐकवायचं, म्हणजे पार्सल परत येण्याची भानगड कमी.

शिबिरवाल्यांनी रिंग लाइट वाटणं थांबवावं आणि त्या पैशात एक बरा माइक द्यावा. अकाउंट उस्तादांच्या नावाने, पासवर्ड त्यांच्या घरात. व्हिडिओ चढवायला त्यांची मुलगी पुरेशी आहे.