असा परिवार आहे!

माणूस गेला की आपल्याकडे त्याचा मृत्युलेख लिहायला घटकाभरही लागत नाही. साचा तयारच असतो. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' वर जन्म, नेमणूक, बदल्या आणि निवृत्ती यांच्या तारखा सेवापुस्तिकेतून उतरवल्या, की खेड्यातल्या मास्तराचे अवघे आयुष्य दहा ओळींत बसते. वाचकहो, माझी फिर्याद या दहा ओळींविरुद्ध आहे. त्या खोट्या नसतात, पण त्यांत माणूस नसतो.

बिंदुसरेच्या धरणाजवळच्या आमच्या पालीत एक जुने गुरुजी वारले. त्यांच्या निधनाच्या बातमीत पहिलेच वाक्य होते, 'जन्म 1 जून 1938'. आता गंमत पाहा. आमच्या भागातले कितीतरी म्हातारे 1 जूनलाच जन्मले आहेत! आईबाप पोराला शाळेत घालायला आणीत तेव्हा 'पोळ्याच्या आगेमागे झालं' एवढेच त्यांना ठाऊक असे. मग मास्तर पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाही, वर्षाचा अंदाज बांधी आणि दाखल-खारीज रजिस्टरात 1 जून टाकून मोकळा होई. म्हणजे ती तारीख गुरुजींच्या जन्माची नव्हे, त्यांच्या मास्तराच्या अंदाजाची. आणि पुढे याच गुरुजींनी गावातल्या पोरांना तशाच तारखा वाटल्या. मृत्युलेखकाने तारीख उचलली आणि तिच्यातली गोष्ट सांडून दिली.

'1958 ते 1996 शिक्षकी सेवा' या ओळीचेही तेच. या अडतीस वर्षांत काय झाले ते सेवापुस्तिका सांगत नाही, माणसे सांगतात. मात्र ती कोणती हे नीट निवडावे लागते. सभेत भाषण करणारा नामांकित विद्यार्थी उपयोगाचा नाही. एक शाळेत टिकलेला, एक शाळा सोडून गेलेला आणि एक घरातले, असे तिघे गाठावेत.

टिकलेला म्हणाला, "दिवाळी झाली की आमची माणसं कोयत्याला जायची. मुकादमाची उचल घेतलेली, मग पोरंही गाडीत. गुरुजींनी आम्हाला ठेवून घेतलं. रात्री शाळेतच निजायचो." गावकरी सांगतात, अशी पन्नास पोरे होती. गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, "पन्नास कुठली! अकरा. भाकरी मी थापत होते." खरे कोणाचे? बाईंनी नावे सांगितली; जुना हजेरीपट काढला. कार्तिकापासून चैत्रापर्यंत, इतर ऊसतोड घरांच्या पोरांपुढे गैरहजेरी असताना, अकरा नावांपुढे हजेरी लागलेली होती. दंतकथा गळून पडली, आणि खरी गोष्ट तिच्याहून मोठी निघाली. कारण रोज अकरा पोरांच्या भाकरी थापणारी बाई त्या दहा ओळींत नुसती 'पत्नी' होती.

शाळा सोडलेला मात्र म्हणाला, "मी कोयत्यावरून चैत्रात आलो. पाढे विसरलो होतो. गुरुजींनी छडीनं मारलं. मी पुन्हा गेलोच नाही."

हेही लिहायचे काय? येथे सभ्य मंडळी कानावर हात ठेवतात. मरणाबरोबर वैर संपते, मेल्या माणसाचे दोष काढू नयेत, असे ते म्हणतात. पण हे दोष काढणे नव्हे. पाढे विसरलेले पोर पाहून ज्याचा तोल जातो, तोच माणूस पोरे पाढे विसरू नयेत म्हणून त्यांना घरी जेवू घालतो. छडी वगळलीत तर अकरा पोरांची गोष्टही देवळातल्या कीर्तनासारखी गोड होईल, आणि कोणी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. शिवाय तो बारावा पोरगा गुरुजींच्या आयुष्याचाच भाग आहे. त्याला मृत्युलेखातून काढणे म्हणजे दुसऱ्यांदा शाळेतून काढणे होय.

मग मृत्युलेखाची सुरुवात अशी होते: 'दिवाळीनंतर पालीची माणसे ऊस तोडायला जात, तेव्हा त्यांची अकरा पोरे गुरुजींच्या शाळेत निजत आणि त्यांच्या घरी जेवत. गुरुजी तापट होते. त्यांच्या छडीने एक मुलगा शाळा सोडून गेला. तो आजही ते विसरलेला नाही.' तारखा हव्यातच, पण त्या शेवटी, एका ओळीत.

लिहून झाले की एकच परीक्षा घ्या. गुरुजींचे नाव खोडून शेजारच्या गावच्या मास्तरांचे घाला. लेख तसाच चालला, तर तो फाडून टाका. 'मनमिळाऊ', 'विद्यार्थिप्रिय' ही विशेषणे या परीक्षेत पहिल्याच फेरीत नापास होतात. अकरा पोरे, भाकऱ्या आणि छडी मात्र दुसऱ्या कोणाच्या नावावर चढत नाहीत.