जिलबीचं लिंबू चिक्कीत पिळू नका

आज थोडं वादाचं बोलणार आहे. पाकात साखर धरू नये म्हणून लिंबू पिळा, हा सल्ला आपण सगळेच एकमेकांना देतो. जिलबीसाठी तो बरोबर आहे. विकायच्या चिक्कीसाठी, तेही मुंबईत, माझ्या मते तो साफ चुकीचा आहे.

दादरच्या एक ताई आमच्या वर्गाला यायच्या. संक्रांतीच्या आधी त्यांना शेंगदाणा चिक्कीची ८ किलोची ऑर्डर मिळाली, एका ऑफिसातल्या हळदीकुंकवासाठी. पहिला घाणा केला तर पाक कढईतच पांढरा, रवाळ झाला. दाणे टाकताच सगळा भुगा. दुसऱ्या घाण्याला त्यांनी अर्धं लिंबू पिळलं. चिक्की झाली, काचेसारखी दिसत होती, रात्री पाकिटं भरून ताई निवांत झोपल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट उघडलं तर वड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि दाताखाली चिवट. ऑर्डर परवा द्यायची होती.

दोन घाणे, दोन वेगळे दोष. आणि दुसरा दोष पहिल्याच्या औषधानेच झाला. हे कसं, ते समजून घ्या.

साधारण खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅमच्या आसपास साखर विरघळते. उकळत्या पाण्यात साडेचारशेच्या वर. पाक आटवताना आपण पाण्याला झेपेल त्यापेक्षा जास्त साखर त्याच्या डोक्यावर ठेवतो. गरम असेपर्यंत ती राहते. गार होऊ लागली की ती बाहेर पडायला निमित्त शोधते. निमित्त म्हणजे काय? कढईच्या कडेला चिकटलेला न विरघळलेला एक दाणा, साखरेच्या डब्यातून तसाच आलेला चमचा, किंवा आपला ढवळणारा हात. एक कण धरला की बाकीचे त्याच्यावर रांगेने येऊन बसतात.

खोटं वाटत असेल तर संक्रांतीचा हलवा आठवा. दादरच्या बाजारात हलव्याचे दागिने मिळतात ना, त्या हलव्यावर काटा येतो तो कशाने? तिळावर एकतारी पाक थोडा थोडा सोडायचा आणि मंद आचेवर बोटांनी हलवत राहायचं. म्हणजे हलवेवाली मुद्दाम जे करते, तेच आपण चिक्कीच्या कढईत नकळत करतो आणि मग साखरेला नावं ठेवतो.

म्हणून पहिलं काम लिंबाचं नाही, शिस्तीचं आहे. साखर आणि पाणी मंद आचेवर ठेवा आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळा. चमच्याच्या पाठीवर रवा दिसेनासा झाला की चमचा बाजूला. उकळी आली की दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेचं पाणी कडा धुऊन काढतं. त्यानंतरही कडेला दाणे दिसले तर ओल्या ब्रशने खाली ओढून घ्या. तिथून पुढे पाक ढवळायचा नाही, फार तर कढई धरून हलकेच फिरवायची.

आता लिंबू. लिंबाचं आम्ल आणि उष्णता मिळून साखरेचे दोन तुकडे करतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे वेगळ्या आकाराचे तुकडे मध्ये आले की साखरेच्या कणांना एकमेकांवर नीट बसता येत नाही, पाक नितळ राहतो. पण फ्रुक्टोजला हवेतलं पाणी ओढायची भारी हौस. जिलबीला त्याने काही बिघडत नाही, ती मुळातच ओली. चिक्कीचं सगळं काम मात्र कोरडेपणावर चालतं. त्यात चिक्कीचा पाक जिलबीच्या पाकापेक्षा खूप जास्त तापतो, म्हणून तेवढ्याच लिंबाने साखर कितीतरी जास्त फुटते. किती फुटली हे तुमच्या हातात राहत नाही. गॅस पाच मिनिटं जास्त चालला की हिशेब बदलला. आणि आपली हवा! समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, जानेवारीतही मीठ ओलं होतं.

मग चिक्कीत काय घालायचं? लिक्विड ग्लुकोज. केकचं सामान मिळतं तिथे डब्यात मिळतं. ते साखरेला रवा धरू देत नाही, घट्ट असल्यामुळे कणांना हलूही देत नाही, आणि लिंबाने फोडलेल्या साखरेच्या मानाने हवेतलं पाणी कमी ओढतं. "ही भेसळ नाही का?" असं ताईंनीही विचारलं होतं. नाही. बाजारातल्या बऱ्याच साखरेच्या चिक्क्यांच्या पाकिटावर घटकांत ते लिहिलेलं असतं, वाचून बघा. तुमच्या लेबलवरही लिहायचं, लपवायचं नाही. गुळाची चिक्की करत असाल तर बाहेरून काही घालायची गरज सहसा पडत नाही, कारण गुळात अशी फुटलेली साखर आधीच असते. तिथे भीती रवाळ होण्याची कमी आणि मऊ पडण्याची जास्त. म्हणून चिक्कीचा गूळ म्हणून वेगळा मिळतो तो घ्या आणि वड्या गार होताच पाकिटं बंद करा.

आता तार. इथे माझं दुसरं भांडण आहे. जिलबी आणि चिक्की दोन्हीसाठी "तार बघा" सांगतात. तार जिलबीसाठी आहे. गॅस बंद करून, हो, बंद करूनच, कारण तुम्ही बोटं चिमटीत धरून बघत बसता तेवढ्यात पाक पुढे जातो, थेंबभर पाक ताटलीत घ्या. दहा सेकंद थांबा. कोरडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून सावकाश उघडा. एक धागा निघून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपर्यंत टिकला की एकतारी. झटकन उघडलीत तर तार तुटते आणि आपण पाक उगाच आटवत बसतो. दोनतारीला गेलेल्या पाकात जिलबी बुडवली की दुसऱ्या दिवशी ती पांढरी पडते, वर साखरेची पापडी. कारण वरचाच हिशेब: दोनतारीत पाण्याच्या डोक्यावरचं ओझं एकतारीपेक्षा बरंच जास्त.

पण तुमच्या बोटांची एकतारी आणि उद्या मदतीला ठेवाल त्या मुलीची एकतारी सारखी असेल का? म्हणून मी म्हणतो, पाक तोला. ५०० ग्रॅम साखर, ३०० ग्रॅम पाणी, एक चमचा लिंबाचा रस. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. एकतारी पाकात साधारण ७० टक्के साखर असते, म्हणजे ५०० ग्रॅम साखरेचा पाक ७१५ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. काट्यावर लाकडी पाट ठेवा, काटा शून्यावर आणा, वर गरम पातेलं ठेवून बघा. थर्मामीटर असेल तर हा पाक १०५ अंशांच्या जवळपास असतो. गाडीवर दिवसभर जिलबी काढताना मात्र वजन उपयोगाचं नाही, पाक संपतही जातो आणि आटतही जातो. तिथे बोटंच कामाची. तार जाड वाटली की गरम पाण्याचा हबका मारायचा आणि पाक कोमट ठेवायचा. कोमट पाकात साखर बाहेर यायला बघत नाही.

चिक्कीला बोट लावूच नका. तो पाक १५० अंशांच्या जवळ असतो, कातडी सोलून निघेल. वाटीत गार पाणी घ्या आणि थेंब सोडा. आधी मऊ गोळी होते, मग कडक, मग वाकणारी काडी. काडी वाकते आहे तोवर थांबायचं. ती कट् आवाज करून मोडली आणि चावल्यावर दाताला चिकटली नाही, की झालं. बहुतेकांची चिवट चिक्की वाकणाऱ्या काडीवर गॅस बंद केल्याने होते. इथून पुढे रंग भराभर चढतो, म्हणून घाबरून लोक लवकर उतरवतात.

थर्मामीटर घेतलात तर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. दादरला तो १०० दाखवेल. लोणावळ्यात, साधारण सव्वासहाशे मीटर उंचीवर, पाणी ९८ च्या आसपास उकळतं, म्हणून तिथल्या एखाद्या कारागिराने सांगितलेला आकडा इथे दोन अंश वाढवून घ्यावा लागतो.

ताईंनी शेवटी काय केलं ते सांगतो. एका घाण्याला ५०० ग्रॅम भाजून सोललेले दाणे, ४०० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, १५० ग्रॅम पाणी. दाणे कोमट ठेवले, कारण गार दाणे टाकले की पाक तिथेच आळतो आणि ढवळायला जास्त वेळ लागतो, म्हणजे पुन्हा रवा. १४८ अंशांवर गॅस बंद, चमचाभर तूप, दाणे, चार वेळा परतून लगेच तूप लावलेल्या ओट्यावर. लाटून गरम असतानाच खुणा पाडल्या. एका घाण्यात साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास माल निघाला, म्हणजे ८ किलोला नऊ घाणे. दुप्पट मापाचे पाच करू का, असं त्या विचारत होत्या. मी नको म्हटलं. घरच्या शेगडीवर दुप्पट पाक चढायला फार वेळ घेतो, आणि लाटायच्या आत अर्धा माल आळून बसतो.

नऊ घाण्यांपैकी सहावा रवाळ निघाला. घाईत झाकण ठेवायचं राहिलं होतं. पण दाणे टाकायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं, कडेला पांढरी रेघ दिसली म्हणून. त्यांनी गॅस बंद करून पाऊण वाटी गरम पाणी जपून घातलं, सगळी साखर पुन्हा विरघळवली, झाकण ठेवलं आणि पाक पहिल्यापासून चढवला. वीस मिनिटं गेली, साखर वाया गेली नाही. लिंबाचा घाणा मात्र विकता आला नाही. तो घरच्यांनी चमच्याने खरवडून खाल्ला.