सारांशाचा निष्पक्षपणा आणि बांबूची ‘चोरी’

मराठीच्या अध्यापनात एक विसंगती अशी रुळली आहे की ती आता कोणाला खटकतही नाही. कादंबरीच्या तासाला विद्यार्थ्याला ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना शिकवली जाते. वेन बूथने १९६१ मध्ये ती मांडली आणि मराठी समीक्षेनेही ती आपलीशी केली. निवेदक सांगतो ते सगळे प्रमाण मानू नये, तो कोठून पाहतो, काय दडवतो हे तपासावे, असे या तासाला बजावले जाते. त्याच विद्यार्थ्यापुढे उपयोजित मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एखाद्या लेखातील उतारा येतो आणि सूचना असते : एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहा, स्वतःचे मत मिसळू नका. म्हणजे जे कल्पित आहे त्यावर संशय घ्यायचा आणि जे वास्तवाविषयी विधाने करते त्यावर निमूट विश्वास ठेवायचा. ललितेतर गद्यालाही निवेदक असतो, ही गोष्ट परीक्षेच्या दालनात विसरली जाते.

या विसरण्याची किंमत सर्वत्र सारखी नसते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत ती अधिक पडते. कारण येथील विद्यार्थ्याच्या गावाविषयी, त्याच्या जंगलाविषयी जे लेख छापून येतात ते बहुधा दुसऱ्याने, दुरून आणि दुसऱ्याच्या शब्दांत लिहिलेले असतात. घरात गोंडी किंवा माडिया बोलणारा परीक्षार्थी प्रमाण मराठीत या लेखांचा सारांश लिहितो, तेव्हा तो केवळ भाषेची परीक्षा देत नसतो. स्वतःविषयीचे परक्याचे विधान तो स्वतःच्या हस्ताक्षरात मान्य करीत असतो.

प्रश्न अमूर्त राहू नये म्हणून एक उदाहरण घेणे इष्ट. पुढील उतारा कोणत्याही नियतकालिकातील नाही. येथील चर्चेसाठी तो रचलेला आहे. तो २०११ च्या आरंभीचा मानावा :

‘धानोरा तालुक्यातील वनक्षेत्रात बांबूची अवैध तोड वाढली असून वनसंपत्तीचे मोठे नुकसान होत आहे. बांबू हा कायद्यानुसार वृक्ष आहे आणि वाहतूक परवान्याशिवाय तो वनाबाहेर नेणे हा गुन्हा आहे. काही संघटनांनी गावकऱ्यांना हक्काच्या नावाखाली चिथावल्याचे समजते. जाणकारांच्या मते, जंगल ग्रामसभांच्या हाती गेल्यास दहा वर्षांत बांबू नामशेष होईल. वनाचे रक्षण करावयाचे असेल तर कायद्याची कठोर अंमलबजावणी झाली पाहिजे.’

उतारा ५५ शब्दांचा आहे. रूढ कसोटीवर ‘उत्तम’ ठरेल असा त्याचा सारांश साधारण असा होईल : ‘धानोरा तालुक्यात चिथावणीमुळे बांबूची चोरी वाढली आहे. ग्रामसभांमुळे दहा वर्षांत बांबू नामशेष होणार असल्याने कायद्याची कठोर अंमलबजावणी आवश्यक आहे.’ शब्द १९. भाषा शुद्ध, मुद्दे सर्व आलेले, स्वतःचे मत कोठेही नाही. परीक्षक पूर्ण गुण देईल.

आता मूळ उतारा आणि हा सारांश शेजारी ठेवून पाहावे. ‘समजते’ हे क्रियापद गळाले आणि ऐकीव गोष्ट घटना झाली. ‘जाणकारांच्या मते’ हे शब्द गळाले आणि मताचे सत्य झाले. ‘गेल्यास’ या संकेतार्थाची जागा ‘ग्रामसभांमुळे’ या कारणाने घेतली, आणि जे अजून घडलेलेच नाही त्याचा दोष आजच्या ग्रामसभांवर आला. ‘अवैध तोड’ची ‘चोरी’ झाली ती केवळ शब्दसंख्या वाचवण्यासाठी. मूळ लेखक पक्षपाती होता खरा, परंतु त्याने निदान पळवाटा तरी उघड्या ठेवल्या होत्या. विद्यार्थ्याने, स्वतःचे मत न मिसळता, त्या बुजवल्या. सारांश मुळाहून अधिक पक्षपाती झाला.

हा एखाद्या विद्यार्थ्याचा हलगर्जीपणा नव्हे. सारांशलेखनाच्या रूढ नियमांतूनच तो निपजतो. ‘अनावश्यक तपशील वगळावा’ असे नियम सांगतो आणि अनावश्यक म्हणून प्रथम नजरेस पडतात ती ‘अमुकाच्या मते’, ‘असे समजते’, ‘कदाचित’ यांसारखी पदे. आशयाला ती काही जोडत नाहीत असे वाटते. वास्तविक विधानाचे वजन तीच ठरवतात. विधान कोणाचे, किती खात्रीचे आणि कोणत्या अटीवर, हे त्यांच्यावाचून कळतच नाही.

म्हणून सारांशापूर्वी उताऱ्याची झडती घेणे आवश्यक आहे, आणि ती घ्यायला फार वेळ लागत नाही. प्रथम विधानांची जात ओळखावी. वरच्या उताऱ्यात पहिले वाक्य घटना सांगते, दुसरे कायदा, तिसरे वदंता, चौथे भाकीत, पाचवे मागणी. पाचही वाक्ये सारख्याच ठाम सुरात येतात, म्हणून ती एकाच जातीची वाटतात. मग प्रत्येकाचा सांगणारा शोधावा. घटनेला साक्षीदार नाही, ‘मोठे नुकसान’ याला परिमाण नाही, जाणकारांना नाव नाही. शेवटी असा शब्द शोधावा की जो वादाचा निकाल वाद मांडण्यापूर्वीच देऊन टाकतो. येथे तो ‘अवैध’ हा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आकलनाची परीक्षा ही वाचनाची परीक्षा आहे. बाहेरची माहिती असलेल्यालाच पक्षपात दिसत असेल तर ती परीक्षा अन्याय्य ठरेल. आक्षेप रास्त आहे, पण तो येथे लागू पडत नाही. ‘हक्काच्या नावाखाली’ हे शब्द उताऱ्यातच आहेत. कोणीतरी हक्क सांगत आहे हे लेखक त्यांतून कबूल करतो. कोणता हक्क, कोणत्या आधारे, हे मात्र सांगत नाही. ज्या पक्षाचे अस्तित्व मान्य केले त्याचे म्हणणे गाळले, ही खूण संहितेच्या आतली आहे. ती दिसण्यासाठी धानोऱ्याला जावे लागत नाही. काळजीपूर्वक वाचावे लागते, आणि तेच तर तपासायचे होते.

खूण दिसल्यावर बाहेरची माहिती तिचा अर्थ पुरा करते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या व्याख्येत ‘वृक्ष’ या शब्दात बांबूचा समावेश होता. तेवढ्यापुरता लेखक खरे बोलतो. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले आणि परंपरेने गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. एकच वनस्पती एका कायद्यात वृक्ष, दुसऱ्यात वनोपज. ‘तोड’ की ‘चोरी’ हा वाद अखेर व्याख्येचा, म्हणजे भाषेचा, होता. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याच्या परवान्याचा प्रश्न सुटला नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. रचलेल्या उताऱ्यातील ‘अवैध’ हा शब्द त्या वादात एका पक्षाची बाजू होता, निर्णय नव्हता.

येथे एक भेद जपला पाहिजे. पक्षपात आणि अविश्वसनीयता या एक नव्हेत. वनखात्याच्या बाजूने लिहिणारा लेखक बांबूच्या बेटांची मोजणी अचूक देऊ शकतो, आणि गावाच्या बाजूने लिहिणारा अत्यंत बेभरवशाचा असू शकतो. आदिवासी हा निसर्गपुत्र, त्याच्या हातून जंगलाची हानी होणेच शक्य नाही, अशा धाटणीचे भाविक लेखही शहरात लिहिले जातात. त्यांतही साक्षीदार नसतो, परिमाण नसते आणि अट नसते. शिवाय असा लेख गावावर दुसराच अन्याय करतो. मेंढ्यातील अभ्यासगट, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त, त्यासाठी वर्षानुवर्षे झालेल्या बैठका हे सारे कष्टाने मिळवलेले शहाणपण तो रक्तातील गुण म्हणून खपवतो. अशा लेखाची झडतीही तितक्याच कठोरपणे घेतली पाहिजे. धानोऱ्याच्या विद्यार्थ्याला तो गोड वाटेल म्हणून त्याला सूट देता येत नाही.

त्याचबरोबर झडतीचा निकाल सारांशात कोठे आणि किती यावा याला मर्यादा आहे. विद्यार्थ्याला वनहक्क कायदा पाठ असला तरी सारांशात तो घालणे चूक. तो सारांश न राहता उत्तर होईल. मूल्यमापन सारांशाच्या आशयात उतरत नाही, त्याच्या वाक्यरचनेत उतरते. वरच्या उताऱ्याचा प्रामाणिक सारांश असा होईल : ‘बांबू वृक्ष ठरवणाऱ्या कायद्याच्या आधारे लेखक तोडीला अवैध म्हणतो, हक्काचा दावा तपशिलाविना बाजूस सारतो, अनामिक जाणकारांच्या भाकितावरून कठोर अंमलबजावणी मागतो.’ येथे २० शब्द आहेत, पहिल्या सारांशाहून एक अधिक. तेव्हा संक्षेपाची सबब पुढे करता येणार नाही. बाहेरचे एकही विधान यात आलेले नाही. फक्त ‘म्हणतो’, ‘सारतो’, ‘मागतो’ या क्रियापदांनी प्रत्येक विधान त्याच्या मालकाकडे परत गेले आहे.

परंतु विद्यार्थ्याने हे करावे अशी अपेक्षा ठेवताना प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी स्वतःचे काम तपासले पाहिजे. उतारा निवडला की त्यावरचे लेखकाचे नाव, प्रसिद्धीचे स्थळ आणि तारीख काढून टाकण्याची प्रथा आहे. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांपुढे कविता अशाच निनावी आणि कालहीन ठेवल्या होत्या. १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये त्याचा वृत्तान्त आहे. नावाच्या दबदब्यापासून वाचकाला मुक्त करणे हा कवितेपुरता समजण्यासारखा हेतू होता. वास्तवाविषयी दावा करणाऱ्या गद्याच्या बाबतीत तीच कृती पुरावा नष्ट करण्यासारखी आहे. ‘बांबू हा कायद्यानुसार वृक्ष आहे’ हे वाक्य २०११ मध्ये अर्धसत्य होते; नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला, आणि त्यानंतर तेच वाक्य असत्य झाले. तारीख कापलेला उतारा आजच्या प्रश्नपत्रिकेत आला तर विद्यार्थी वर्तमानकाळी असत्य लिहील आणि त्याबद्दल गुण मिळवील. दोष मग कोणाच्या आकलनाचा?

उताऱ्याखाली नाव, स्थळ आणि तारीख या तीन गोष्टी छापायला एक ओळ लागते. गुणदानाच्या तक्त्यात ‘विधानाचा सांगणारा आणि त्याची अट राखली आहे का’ या निकषाला दहांपैकी दोन-तीन गुण द्यायला अभ्यासमंडळाची एक बैठक पुरते. एवढेही झाले नाही, तर मराठीचे विभाग कादंबरीतील निवेदकावर अविश्वास दाखवीत राहतील, आणि धानोऱ्याचा मुलगा प्रश्नपत्रिकेच्या आज्ञेवरून, शुद्ध प्रमाण मराठीत, स्वतःच्या गावाला चोर लिहीत राहील.